आमची वाटचाल : टेम्पोच्या फाळक्यावरच्या एका ओळीची गोष्ट

2011 साली लातूरला एका छोट्या हत्तीवर आमचा घरसामान हलवायचा धंदा सुरू झाला. लातूर पॅटर्नमुळे नांदेड, परभणी, बीडकडची मंडळी मुलांच्या शिकवणीसाठी दोन वर्षांपुरता संसार इथं आणतात आणि परीक्षा झाली की घेऊन जातात. त्यामुळे गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही. गिऱ्हाइकाच्या मनातली भीती मात्र पहिल्या दिवसापासून सोबत होती. आणि ती सोफा-कपाटाची नसते. माणूस फोन करतो, भाडं विचारतो, आणि मागून घरातल्या बाईचा आवाज येतो, "काचेच्या सामानाचं विचारा की आधी!"

टेम्पोवर काय लिहायचं हे पेंटरनंच ठरवलं होतं. त्याच्या वहीत आठ-दहा ओळी तयार असायच्या. त्यातली 'तुमचं सामान, आमची जबाबदारी' मी निवडली. पुढं कळलं, गावातल्या निम्म्या टेम्पोंवर तीच आहे. मग 2014 मध्ये दुसरी गाडी घेतली तेव्हा मी स्वतः डोकं चालवून लिहिलं : 'कप असो वा काच, एकही फुटणार नाही.' फार खूश होतो मी त्या ओळीवर.

ती ओळ आमच्या अंगाशी आली. एक तर ज्याच्या मनात नव्हतं त्याच्याही मनात 'फुटणं' आम्हीच घातलं. फोनवर पहिला प्रश्न येऊ लागला, "तुमच्याकडं लई फुटतं का वो?" दुसरं म्हणजे एखाद्या बशीचा टवका उडाला तरी लोक फाळक्याकडं बोट दाखवायचे. आणि तेही बरोबरच होतं. रस्त्यानं माल नेणारा कोणीही 'एकही नाही' असं छातीठोक म्हणू शकत नाही. गेवराईच्या अलीकडं कुठला गतिरोधक रंगाशिवाय बसवलाय, हे ड्रायव्हरलाही आदळल्यावरच कळतं.

नवी ओळ सापडली ती 2016 च्या उन्हाळ्यात. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं ते वर्ष. तेव्हा प्रत्येक घरातून सामानाआधी दोन-दोन निळे ड्रम निघायचे. आम्ही त्यात उशा आणि गोधड्या कोंबून नेत होतो, तो भाग वेगळा.

औसा रोडवरचं एक शिक्षकाचं कुटुंब संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, निघालं होतं. काकू मूळच्या किल्लारीकडच्या. त्यांच्या सासूबाईंची चिनी मातीची बरणी 1993 च्या भूकंपात ढिगाऱ्यातून अख्खी निघाली होती. आम्ही स्वयंपाकघरात गेलो तर काकू बरणी मांडीवर घेऊन बसलेल्या. मी नेहमीचं बोललो, काही झालं तर भरपाई देऊ. त्या म्हणाल्या, "भरपाई देऊ म्हणायलाव, पर हीच बरणी कुठून आणून देणार?"

उत्तर नव्हतं. मी म्हटलं, काकू, एक खोकं तुमच्यासमोर भरतो, बघा. पाच पदरी पुठ्ठ्याचं मध्यम खोकं घेतलं. काचेला मोठं खोकं कधीच घेत नाही, कारण मोठं दिसलं की माणूस भरत जातो, आणि पंधरा किलोच्या वर गेलं की हमाल ते ठेवत नाही, टाकतो. तळाला चुरगळलेल्या कागदाचा चार बोटं थर दिला. कागद कोरा, कारण छापील रद्दीची शाई पांढऱ्या कपबश्यांना लागते. ग्लास एकेक गुंडाळून पालथे ठेवले. बश्या आडव्या रचल्या नाहीत, वहीच्या पानांसारख्या उभ्या लावल्या. उभी बशी कडेवर धक्का सोसते. आडव्या चळतीत मात्र सगळ्यात खालची बशी वरच्या सगळ्यांचं वजन घेऊन प्रत्येक खड्ड्यात आदळते. उरलेल्या फटींत त्यांचेच जुने टॉवेल ठासले, टेप मारली आणि खोकं काकूंच्या हातात दिलं.

"हलवून बघा."

त्यांनी कान लावून हलवलं. आत काहीतरी खळखळलं. माझा चेहराच उतरला. खोकं उघडलं तर साखरेच्या भांड्याचं झाकण भांड्यावरच ठेवून दिलेलं. झाकण वेगळं गुंडाळलं, कोपऱ्यात आणखी एक टॉवेल घातला. पुन्हा हलवलं. चूप.

तेवढ्यानं त्या बाईचा जीव खाली पडला. जी वस्तू आत हलत नाही ती दुसऱ्या वस्तूवर आपटत नाही, हे मी तोंडानं दहा वेळा सांगितलं असतं तरी पटलं नसतं. त्यांच्या हातानं पटलं. बरणी रिकामी करून त्यांनी स्वतःच दिली. लोणचं स्टीलच्या डब्यात गेलं, झाकण वेगळं, बरणी वाकळीत गुंडाळून एकटीच एका खोक्यात, सगळ्या बाजूंनी कागद. त्याही खोक्याला काकूंनी कान लावला, आणि मग चहा ठेवायला उठल्या. आमचा जुना हमाल दारातून म्हणाला, "झालं ना हलवून? मग आता घर हलवू का?"

परतीच्या वाटेवर अंबाजोगाईपर्यंत ते वाक्य माझ्या डोक्यात होतं. घरी येऊन लिहिलं : 'खोकं हलवून बघा, आतून आवाज आला नाही तरच आम्ही तुमचं घर हलवू.' हिशेब बघणारी आमची मंडळी म्हणाली, "फाळका किती रुंद आहे, माहीत आहे ना?" तिनंच पेन घेऊन अर्धं खोडलं. राहिलं ते असं :

'खोकं हलवून बघा, मगच घर हलवू.'

यात 'फुटणार नाही' नाही, 'शंभर टक्के' नाही, 'विश्वास' तर नाहीच. तपासायचं काम आम्ही गिऱ्हाइकाच्या हातात दिलं. पोरांनाही त्यामुळे वळण लागलं, कारण घरची माणसं खरंच हलवून बघतात आणि खळखळलं की खोकं परत उघडायला लावतात. एका घराला तासभर जास्त लागतो. तो तास आम्ही भाड्यात धरतो, लपवत नाही.

पण या ओळीलाही मर्यादा आहे, हे नांदेडच्या एका कामात कळलं. नव्या पोरानं डिनर सेटच्या बारा बश्या आडव्या रचल्या आणि इतक्या घट्ट दाबल्या की खोकं दगडासारखं गप्प. गिऱ्हाइकानं हलवून बघितलं, खूश झाले. उतरवल्यावर खालच्या चार बश्यांना तडे. आवाज न येणं म्हणजे आत पोकळी नाही, इतकंच. वस्तू कशी ठेवलीय ते त्यावरून कळत नाही. बश्यांचे पैसे आम्ही दिले, आणि तेव्हापासून बश्यांचं खोकं टेप मारण्याआधी उघडं दाखवतो. टीव्ही, काचेचा टेबलटॉप, फ्रीज यांना तर ही कसोटी लागूच नाही. ते उभेच न्यायचे, आधी फोटो काढायचे, आधीचा ओरखडा असेल तर तो त्यांच्यासमोर कागदावर लिहायचा. हे आम्ही फाळक्यावर लिहीत नाही, पण सामान बघायला जातो तेव्हा सांगतो.

आज चार गाड्या आहेत. परवा उदगीरहून एका मुलाचा फोन आला. स्वयंपाकघर आईनं स्वतः भरून ठेवलंय, चालेल का? म्हटलं, फोन खोक्याजवळ धरा आणि हलवा. इकडं मला स्पष्ट ऐकू आलं. पाठीमागून आई म्हणाली, "वरणाची पळी आसंल ती, वरनं टाकली होती."

म्हटलं, मावशी, पळी काढा आणि परत फोन करा.