आमची वाटचाल : वजनकाट्यावरचा बूट

बहिणीने आणि मी बूट दुरुस्तीचं काम सुरू केलं तेव्हा आमच्याकडे सोल चिकटवणं, टाच बदलणं आणि उसवलेली शिवण घालणं एवढंच होतं. पहिल्या पावसाळ्यात मात्र लोक भिजलेले बूट घेऊन यायला लागले. वाळवायचं म्हणजे काय मोठंसं, असं आम्हाला वाटलं. आम्ही तपकिरी स्वेडचा, म्हणजे लव असलेल्या चामड्याचा, एक जोड हीटरसमोर ठेवला आणि जेवायला गेलो. परत आलो तर चवड्यापाशी स्वेड पुठ्ठ्यासारखा कडक झालेला, बूट हाताला आखूड लागत होता आणि सोल कडेने सुटत आलेला. गिऱ्हाईक बाई काही बोलल्या नाहीत. बूट उलटासुलटा करून पाहिला आणि पिशवीत घालून निघून गेल्या. त्याचं आम्हाला फार लागलं.

नंतर समजलं की चूक उष्णतेची होती, आणि तीही ओलेपणातल्या उष्णतेची. चामड्याचे तंतू कोरडे असताना बरीच उष्णता सोसतात. ओले असताना त्याहून कमी उष्णतेतही ते आक्रसतात आणि एकमेकांना घट्ट चिकटतात. एकदा आक्रसलेलं चामडं पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. सोल ज्या सोल्यूशनने चिकटवलेला असतो, तेही त्याच उष्णतेने मऊ पडतं. त्या दिवसापासून आमच्याकडे वाळवण्यासाठी पंखा आणि कागद, एवढंच चालतं. उन्हातही ठेवत नाही. उन्हाने रंग उडतो आणि पांढरं रबर पिवळं पडतं.

वाळलं की नाही हे ठरवण्याची युक्ती बहिणीची. हाताला कोरडा लागलेला बूट आतून ओला असू शकतो. कापड वरून सुकतं, पण चवड्याच्या आतल्या अस्तरात आणि सुकतळ्याखाली पाणी तसंच राहतं. असा बूट परत दिला की दोन दिवसांत वास मारत परत येतो. म्हणून तिने काटा आणला. एका कॅनव्हास बुटाची नोंद अजून वहीत आहे. तो बूट आमचाच, म्हणून कोरडा असतानाचं वजन ठाऊक होतं : ४१२ ग्रॅम. मुद्दाम भिजवल्यावर ५६६ भरला, म्हणजे दीडशे ग्रॅमहून जास्त पाणी. नाडी आणि सुकतळा काढून, जीभ बाहेर ओढून आत कोरा कागद कोंबला. तासाने ५२० झाले आणि कागदाचा लगदा झाला होता. लगेच बदलला. रात्री ४७०. मग पंख्यासमोर तोंड करून ठेवला, सकाळी ४३१. शेवटचे वीस ग्रॅम जायला अख्खा दिवस लागला. बहुतेक जण त्या शेवटच्या टप्प्यातच बूट पायात घालतात.

गिऱ्हाइकाच्या बुटाचं कोरडं वजन आपल्याला माहीत नसतं. म्हणून आम्ही दोन वजनं घेतो, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. दोन्ही सारखी आली की वाळला. कागद कोराच लागतो. छापील वर्तमानपत्राची शाई फिक्या अस्तरावर उतरते, हे आम्ही एका फिकट बुटावर पाहिलंय.

कॅनव्हासवर आणखी एक त्रास होतो, पिवळट कडा. बूट धुतल्यावर कापडात साबण आणि मळ राहिला, तर पाणी त्यांना सोबत घेऊन पृष्ठभागावर येतं, उडून जातं आणि डाग मागे ठेवतं. यावर उपाय असा : साबण पूर्ण निघेपर्यंत स्वच्छ पाण्याने धुवायचं आणि ओल्या बुटावर पांढरा टिश्यू पेपर चिकटवून वाळवायचं. मग पाणी कागदातून उडतं आणि डाग कापडावर न राहता कागदावर राहतो. सकाळी तो पिवळा कागद सोलून काढताना मला अजूनही बरं वाटतं.

स्वेडवर एकीकडेच पाणी पडलं की गडद कड उमटते. तेव्हा निव्वळ तो डाग घासू नये. अख्खा पुढचा भाग ओल्या फडक्याने हलकासा, एकसारखा दमट करायचा आणि सावकाश वाळू द्यायचा. पूर्ण वाळल्यावरच ब्रश. ओल्या स्वेडवर ब्रश मारला की लव एकमेकांत चिकटून बसते.

मग लोक विचारू लागले, "दादा, भिजूच नये असं काही करता येत नाही का?" तिथून पावसाआधीचं काम सुरू झालं आणि तिथे आम्ही दुसरी मोठी चूक केली. एक जोड आला होता, अंग कॅनव्हासचं, चवडा आणि टाच स्वेडची. कॅनव्हासला मेण चांगलं, हे आम्ही शिकलो होतो : मधमाशीचं मेण आणि पॅराफिनची वडी कापडावर घासायची, हेअर ड्रायरने वितळवून मुरू द्यायची. कापड थोडं गडद आणि ताठ होतं, पण पाणी अडतं. आम्ही तसंच केलं. मेण वितळलं, शिवणीतून पलीकडे सरकलं आणि स्वेडची लव बोटभर रुंदीत काळी, चिकट होऊन बसली. टिश्यू ठेवून हलक्या गरम हवेने बरंचसं शोषून काढलं, रबराच्या खोडण्याने लव उभी केली, तरी ती पट्टी शेवटपर्यंत दिसत राहिली. गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकलं आणि कामाचे पैसे घेतले नाहीत.

आता असे मिश्र जोड आले की मेणाला हात लावत नाही, दोन्ही भागांना पाणी झटकणारा स्प्रेच. पण स्प्रे म्हणजे कापडावर बसवलेला पडदा नव्हे. तो प्रत्येक तंतूवर पातळ थर देतो, त्यामुळे पाण्याचा थेंब पसरत नाही, गोळा होऊन घरंगळतो. तंतूंमधल्या फटी मोकळ्याच राहतात, म्हणून बुटात हवा खेळते, आणि म्हणूनच डबक्यात पाय दाबून टाकला की पाणी आत शिरतं. शिवणीच्या सुईछिद्रांतूनही शिरतं.

आमची रीत अशी. आधी बूट स्वच्छ आणि पूर्ण वाळलेला हवा. धुळीवर मारलेला स्प्रे धुळीला चिकटतो, कापडाला नाही. जिभेच्या आतल्या बाजूला थोडा मारून रंग बदलतो का ते बघायचं. मग उघड्यावर, तोंडाला मास्क लावून, साधारण १५ ते २० सेंटिमीटरवरून पातळ थर द्यायचा. बंद खोलीत कधीच नाही, ती वाफ फुप्फुसाला घातक असते. अर्ध्या तासाने दुसरा थर, मग २४ तास हात लावायचा नाही. एकदाच जाड थर दिला की स्वेडवर पांढरट डाग येतात.

परत देताना गिऱ्हाइकासमोर चवड्यावर पाण्याचे चार थेंब टाकून दाखवतो. गोळे राहिले की ठीक, आणि तेच थेंब घरी दर पंधरवड्याला टाकून बघायला सांगतो. चवड्याला जिथे वळी पडते तिथला थर सगळ्यात आधी जातो, म्हणून थेंब तिथेच टाकायचा. तिथे कापड गडद व्हायला लागलं, तर बूट घेऊन यायचं, पाऊस अंगावर घ्यायचा नाही. डबक्यातून चालायचं असेल, तर हे बूट घालूच नका, असंही बहीण काउंटरवरूनच सांगते.