आमची वाटचाल: फाइलच्या मधल्या पानांपर्यंत

2014 साली मिरजेत आम्ही काम सुरू केलं तेव्हा भांडवल म्हणजे दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि वॉर्डात सिस्टर म्हणून काढलेली माझी अकरा वर्षं. आसपासच्या छोट्या हॉस्पिटलांत डिस्चार्ज कार्ड हातानं लिहीत आणि इन्शुरन्सवाले टाइप केलेली समरी मागत. एका समरीचे आम्ही 40 रुपये घ्यायचो. अ‍ॅडमिशन नोट वर उतरवायची, शेवटच्या दिवशीच्या गोळ्या खाली टाकायच्या, झालं. मधली पानं आम्ही नुसती उलटायचो.

2016 मध्ये एक फाइल अंगाशी आली. अठ्ठावन्न वर्षांचे शेतकरी, जुना मधुमेह, चार दिवस थंडी-ताप आणि उलट्या. सोमवारी रात्री भरती झाले तेव्हा ड्युटीवरच्या डॉक्टरांनी निदानाच्या जागी लिहिलं होतं, 'ताप, डेंग्यू?'. नऊ दिवसांनी घरी गेले, तेव्हा आमच्या समरीतही निदान डेंग्यूच होतं, प्रश्नचिन्हसुद्धा गळालेलं. खालच्या औषधांत मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी होती. डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह असताना डेंग्यू कसा, असं विचारत इन्शुरन्सनं क्लेम अडवला. ते एक वेळ चाललं असतं. पण आठवड्यानं तपासणीला आल्यावर फिजिशियन सरांना दिसलं की जी गोळी त्यांनी स्वतः बंद केली होती ती पेशंट रोज घेतोय. किडनी बिघडली की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन सुदैवानं वाढलेलं नव्हतं. सरांनी फाइल माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "सिस्टर, तुम्ही तरी वाचायची होती."

त्या रात्री मी तीच फाइल पहिल्यापासून लावत बसले. आजची आमची पद्धत तिच्यातूनच निघाली.

आडव्या कागदावर नऊ तारखांचे नऊ रकाने आखले. आधी राउंडच्या नोंदी घेतल्या, पण त्यांत बहुतेक दिवशी 'सीएसटी' एवढंच, म्हणजे तेच उपचार चालू. म्हणून सिस्टरांचा औषधांचा चार्ट काढला. कुठला डोस खरोखर दिला गेला ते तिथल्या सह्यांवरून कळतं. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे अँटिबायोटिक गुरुवारी सकाळी थांबलं होतं आणि दुपारपासून मेरोपेनेम हे दुसरं सुरू होतं. राउंडच्या पानावर कारण नव्हतं. ते लॅबच्या कागदांत सापडलं: लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय जंतू, आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन त्यावर निकामी. सोनोग्राफीतही उजव्या किडनीला सूज होती. म्हणजे आजार किडनीच्या जंतुसंसर्गाचा होता. मेटफॉर्मिनचंही तसंच. मंगळवारच्या राउंडमध्ये कोपऱ्यात 'मेटफॉर्मिन थांबवा' अशी एक ओळ होती आणि त्याच दिवसापासून चार्टवर इन्सुलिन. डिस्चार्जच्या दिवशी मात्र घाईत 'पूर्वीच्या गोळ्या चालू' असं लिहिलं गेलं, आणि आम्ही अ‍ॅडमिशन नोटमधल्या घरच्या गोळ्या जशाच्या तशा उचलल्या.

क्रिएटिनिननं मला सगळ्यात जास्त घुमवलं. रिपोर्ट फाइलला लावलेल्या क्रमानं 1.9, मग 2.4, मग 1.4. वाटलं, मध्येच किडनी बिघडली असणार. नीट पाहिलं तर 2.4 चा कागद बुधवारी छापलेला होता, पण नमुना सोमवारी रात्रीचा. छापल्याची तारीख सोडून नमुना घेतल्याची वेळ धरली की चित्र सरळ झालं: 2.4, 1.9, 1.4. भरतीच्या वेळी किडनीवर ताण होता, तो उतरत गेला. आजही नवीन मुलींना मी हेच तीन कागद देते, नाव झाकून. बहुतेक जणी पहिल्यांदा चुकतात, मीही चुकलेच होते.

समरी तेवढ्यानं पूर्ण होत नाही. मेटफॉर्मिन पुन्हा सुरू करायचं का, कधी, हे फाइलमध्ये कुठंच नव्हतं, आणि ते ठरवणं आमचं कामही नाही. अशा जागी आम्ही ओळ रिकामी सोडतो आणि पिवळी चिठ्ठी लावतो: 'सर, मंगळवारी बंद, डिस्चार्जला चालू. काय लिहू?' त्या फाइलवर पाच चिठ्ठ्या लागल्या. सरांच्या उत्तरानंतर सुधारलेल्या समरीत स्वतंत्र ओळ गेली: मेटफॉर्मिन बंद, क्रिएटिनिन पुन्हा पाहून निर्णय. बंद केलेल्या औषधांना आम्ही तेव्हापासून वेगळी जागा देतो, कारण गावातल्या डॉक्टरांना समरीत नसलेली गोळी विसरलेली वाटते आणि ते ती पुन्हा लिहून देतात. डिस्चार्जपर्यंत न आलेले रिपोर्टही 'यायचा आहे' असं लिहून, कोणी पाहायचा त्याच्या नावासकट टाकतो.

2018 पासून फाइल हॉस्पिटलबाहेर आणणं बंद केलं. आमच्या चौघी तिथल्याच रेकॉर्ड रूममध्ये बसतात. एका समरीला आता पाऊण तास लागतो आणि दर 150 रुपये आहे. दर ऐकून दोन हॉस्पिटलं सोडून गेली. त्यांतलं एक परत आलं. तिथले सर सही करताना अजून कुरकुरतात, "आज किती चिठ्ठ्या?"