चौथी ट्यूब

"गाय बरी झाली, दूधही पांढरंस्वच्छ आहे, मग ओतून का देता?"

शेजारी विचारतात, पुण्यातली रतिबाची गिऱ्हाईकं विचारतात, आईसुद्धा विचारते. एकदा सगळं सांगून टाकतो.

दगडीची, म्हणजे कास सुजलेली गाय बरी झालेली दिसते ती सूज उतरल्यामुळे आणि दुधातल्या गुठळ्या थांबल्यामुळे. सडात ट्यूबनं सोडलेलं औषध मात्र त्यानंतरही दुधातून उतरत राहतं. ते रंगात दिसत नाही, वासाला येत नाही, फॅट-एसएनएफ काढतानाही कळत नाही आणि उकळल्यानं जातंच असंही नाही. अशा औषधांपैकी पेनिसिलिनची दुधातली आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोला 4 मायक्रोग्रॅम आहे. ट्यूबमध्ये औषध मिलिग्रॅममध्ये असतं. म्हणून एका गाईचं दूध अख्ख्या टाकीत मिसळलं तरी ते "पातळ होऊन जाईल" म्हणता येत नाही.

मीही तसंच म्हणायचो. "एकाच सडात ट्यूब आहे ना, मग तीन सडांचं चांगलं दूध का घालवायचं?" हे माझंच वाक्य. पण सडातलं औषध रक्तात जातं आणि रक्तातून बाकीच्या सडांत उतरतं. चारही सडांचं दूध बाजूला काढावं लागतं.

आता तो आठवडा. आमच्या गाईच्या मागच्या डाव्या सडाला दगडी झाली. डॉक्टरांनी बारा-बारा तासांनी तीन ट्यूब सांगितल्या. त्या खोक्यावर दूध बंद ठेवायचा काळ 72 तास लिहिला होता. (दुसऱ्या औषधाचा वेगळा असतो, इंजेक्शनचा आणखी वेगळा. आमचा आकडा तुम्ही घेऊ नका, तुमच्या खोक्यावरचा वाचा.) पहिली ट्यूब सोमवारी संध्याकाळी 6 ला, धार काढून झाल्यावर. तिथून मी 72 तास मोजले, गुरुवारची संध्याकाळ आली आणि शुक्रवारी सकाळी तिचं दूध कॅनमध्ये घातलं.

मोजायचं असतं शेवटच्या ट्यूबपासून. तिसरी ट्यूब मंगळवारी संध्याकाळी 6 ची, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी 6 पर्यंत दूध बंद. माझी चूक इथंच झाली होती. पण खरी गोष्ट त्याहून वाईट होती. गुठळ्या थांबेनात म्हणून धाकट्यानं डॉक्टरांना फोन करून बुधवारी सकाळी 6 ला चौथी ट्यूब सोडली होती. मी त्या दिवशी मंडईत होतो. त्यानं लिहिलं नाही, मी विचारलं नाही. त्या ट्यूबपासून 72 तास शनिवारी सकाळी 6 ला भरतात. आमची धार पहाटे 5 ची, म्हणजे शनिवारचीही सकाळ गेली. विकण्यासारखी पहिली धार शनिवार संध्याकाळची. आणि चौथी ट्यूब खोक्यावरच्या कोर्सबाहेरची असल्यानं 72 चा भरवसाही उरला नव्हता. मात्रा वाढली की नवा काळ डॉक्टरांकडूनच लिहून घ्यायला हवा.

शुक्रवारी टँकर प्लँटवर गेला, दुधातलं औषध दाखवणाऱ्या पट्टीनं तपासणी झाली आणि हजार लिटर दूध परत आलं. शनिवारी सकाळी केंद्रावर प्रत्येक कॅनमधला नमुना तपासला. सगळे रांगेत उभे होते. आमच्या कॅनशी तो मुलगा थांबला, पट्टी उजेडात धरली, दुसरी काढली, पुन्हा बघितलं. काही बोलला नाही. मागे उभ्या असलेल्या मावशींची एकच गाय होती. त्यांचं आदल्या दिवशीचं चार लिटर दूध माझ्यामुळे गेलं होतं. मी पैसे द्यायला गेलो, त्यांनी घेतले नाहीत.

त्याच शुक्रवारी रतिबाच्या एका ताई फोनवर म्हणाल्या होत्या, "दही लागलं नाही." मी विरजणाला दोष दिला. विरजणातले जिवाणूही त्या औषधानं मरतात, हे मला माहीत होतं. अर्थात दही लागलं म्हणजे दूध स्वच्छ, असंही नाही.

तेव्हापासून गोठ्याच्या दाराला वही टांगली आहे, पेन सुतळीनं बांधलेलं. गाईच्या कानातल्या बिल्ल्याचे शेवटचे चार आकडे, सड, औषधाचं नाव आणि बॅच, मात्रा, तारीख आणि वेळ, कुणी दिलं. शेवटच्या रकान्यात तास लिहीत नाही, सरळ धार लिहितो: "शनिवार संध्याकाळ". पहाटे अर्धवट झोपेत गणित कुणी करू नये. नवी ट्यूब सोडली की आधीची धार खोडून पुढची लिहायची. दोन औषधं असली तर ज्याचा काळ उशिरा संपतो तो धरायचा. ट्यूब हातात घ्यायच्या आधी गाईच्या मागच्या पायाला लाल पट्टी बांधायची आणि तिची धार सगळ्यात शेवटी, वेगळ्या बादलीत काढायची. विण्याआधी गाईचं दूध आटवताना सोडलेल्या ट्यूबचीही नोंद ठेवतो, कारण गाय लवकर व्याली तर तो काळ संपलेला नसतो.

तरी चुकतं. गेल्या महिन्यात एका नोंदीत वेळच नव्हती. सकाळची ट्यूब की संध्याकाळची, यावर धाकट्याशी भांडलो आणि एक धार जास्त ओतली. ती वायाच गेली असेल कदाचित.

आणि ओततो तेही मला पटलेलं नाही. पूर्वी ते दूध वासराला पाजायचो; पण थोडं थोडं औषध पोटात जाऊन त्याच्या आतड्यात औषधाला न जुमानणारे जिवाणू वाढतात, म्हणून बंद केलं. आता लांब खड्ड्यात ओततो. आई बादली हातात धरून उभी राहते, "निदान वासराला तरी दे" म्हणते, आणि मी दरवेळी तिच्या हातातून बादली घेतो.