पेन्सिलीने लिहिलेली तारीख

लसीकरण सत्रात एक कार्ड वाचायला बहुधा फार वेळ लागत नाही. त्या दिवशी मात्र पाच महिन्यांच्या एका मुलीच्या कार्डावर मला बराच वेळ थांबावे लागले. तिची जन्मतारीख ५ जानेवारी होती आणि त्या दिवशी, ८ जूनला, तिला २२ आठवडे पूर्ण झाले होते. माझ्यासोबतच्या नव्या परिचारिकेने थेट १४ आठवड्यांच्या रकान्यावर बोट ठेवले, कारण १० आठवड्यांच्या रकान्यात पेंटा-२ समोर, म्हणजे पाच रोगांवरच्या पेंटा लसीच्या दुसऱ्या मात्रेसमोर, ३० मार्च ही तारीख दिसत होती.

ती तारीख पेन्सिलीने लिहिलेली होती आणि तिच्यापुढे सही नव्हती. पेंटा-१ समोर २ मार्च ही तारीख शाईत, सहीसह होती. तिच्यात चार आठवडे मिळवले की ३० मार्चच येतो, म्हणजे तो दिलेल्या मात्रेचा नव्हे, तर पुढच्या भेटीचा दिवस होता. "ताई, मार्चअखेरीस बाळाला आणलं होतं का?" असे विचारल्यावर आई म्हणाली, "नाही हो, तेव्हा ती तापाने आजारी होती." आमच्याकडच्या प्रतीतही ती चौकट रिकामीच निघाली.

मग परिचारिका म्हणाली, "म्हणजे आज १० आठवड्यांचा रकाना द्यायचा." हेही अर्धेच बरोबर होते. त्या रकान्यात पोलिओच्या थेंबांची ओपीव्ही-२, पेंटा-२ आणि रोटाव्हायरसवरची आरव्हीव्ही-२ असतात. पोलिओचे इंजेक्शन एफआयपीव्ही आणि न्यूमोकोकल लस पीसीव्ही यांची दुसरी मात्रा १४ आठवड्यांच्या रकान्यात छापलेली असते, कारण त्यांच्या पहिल्या दोन मात्रांत किमान आठ आठवड्यांचे अंतर हवे असते. या मुलीच्या बाबतीत ते अंतर केव्हाच भरले होते. उशिरा आलेल्या बाळाचे कार्ड म्हणूनच रकान्याने उभे न वाचता प्रत्येक लसीच्या ओळीने आडवे वाचावे, असे माझे मत आहे: शेवटची सही असलेली मात्रा कोणती, आणि पुढच्या मात्रेसाठी लागणारे अंतर पूर्ण झाले आहे का. तसे वाचल्यावर पाचही लसींची दुसरी मात्रा त्याच दिवशी देय ठरली, आणि मधे खंड पडला म्हणून पहिली मात्रा पुन्हा देण्याचे कारण नव्हते.

हेपॅटायटिस बी-० ची चौकटही रिकामी होती. ती मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायची असते, त्यामुळे ती आता भरून काढण्याजोगी नव्हती. पेंटामध्ये हेपॅटायटिस बीचा घटक असतोच.

पाचही चौकटींत ८ जून ही तारीख शाईने लिहून मी सही केली. ओपीव्ही, पेंटा आणि आरव्हीव्ही यांच्या तिसऱ्या मात्रेसाठी ६ जुलै ही तारीख पेन्सिलीने लिहिली आणि तिच्याआधी, ठळक अक्षरांत, 'पुढील भेट' हे शब्द घातले.