कोणत्या तासाला?

पाच आठवडे. मुलाच्या वागण्याचा एक दोन पानी फॉर्म शाळेच्या दप्तरातून वर्गशिक्षिकांकडे जाऊन परत यायला पाच आठवडे लागले. अजून आठवलं की डोकं तापतं, म्हणून ते आधी लिहून टाकते.

माझा मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याचं आणि अतिचंचलतेचं, निदान दुसरीतच झालं होतं, गोळीही चालू होती. दिवाळीनंतर घरात वरचेवर तमाशा सुरू झाला. व्हॅनमधून उतरला की बूट भिरकावणं, वरणाच्या वाटीवरून किंचाळणं, मग पलंगाखाली शिरून रडणं. सासूबाई म्हणायच्या, "लाडावून ठेवलंय." मला वाटायचं, गोळी कमी पडतेय. शाळेतूनही तेच, "फार चुळबुळ वाढलीय, डॉक्टरांना दाखवा."

कोथरूडहून डॉक्टरांकडे जाणं, नंबर लावणं, सगळं सुरळीत झालं. डोस वाढवण्याआधी त्यांनी दोन फॉर्म दिले, एक आम्हाला, एक शाळेला. आमचा मी त्याच रात्री भरला. शाळेचा आधी "मॅडम रजेवर", मग "सहामाहीचे पेपर तपासायचेत", मग हरवला. दुसरी प्रत मी स्वतः नेऊन दिली. गेटवरच्या काकांनी पालकसभेशिवाय आत सोडता येत नाही म्हणून फॉर्म खिडकीतून घेतला. शेवटी हातात आला तेव्हा प्रत्येक ओळीत "अगदी नेहमी"वर एकाच झटक्यात खुणा होत्या. शेरा कोरा. (साठ मुलांच्या वर्गाला एकच बाई, हे मला कळतं. तरीही.)

डॉक्टरांनी तो पाहिला आणि विचारलं, "चुळबुळ कोणत्या तासाला?" फॉर्मवर तो रकानाच नाही.

त्यांनी समजावलं ते असं. एडीएचडीची चुळबुळ लहानपणापासून असते आणि जवळजवळ सगळीकडे दिसते. काळजीची चुळबुळ ठरावीक वेळी येते आणि ती वेळ टळली की उतरते. दोन्ही एकाच मुलात असणं अजिबात दुर्मिळ नाही. गोळीनेही काही मुलांची अस्वस्थता वाढते, म्हणून आधी शोधा, मग डोस.

मी बाईंना डायरीत एकच ओळ लिहिली, "तो सगळ्यात जास्त कधी उठतो?" उत्तर दुसऱ्या दिवशी आलं! "मराठीच्या तासाला. दोनदा लघवीला जातो. चित्रकलेला शांत." चित्रकलेवरून मी लगेच खूश झाले, पण आवडीच्या कामात ही मुलं बसतातच, त्यावरून काही ठरत नाही. तुलना कंटाळवाण्या तासांचीच करायची. परिसर अभ्यासाला तो खिडकीबाहेर बघतो, पेन्सिल पाडतो, पण जागा सोडत नाही.

मग दोन आठवडे मी वार आणि वेळ लिहिली. तमाशे सगळे मंगळवारी आणि गुरुवारी. त्या दिवशी प्रकट वाचन असतं. आदल्या रात्री पोटात दुखायचं, आणि "आई, उद्या कोणता वार?" हे तो तीन-तीनदा विचारायचा. मी विसराळूपणा समजून तीनदा उत्तर द्यायचे. शर्टाची कॉलर चावून ओली व्हायची. वहीत एकच शब्द खोडून खोडून कागदाला भोक पडलं होतं, आणि मी त्याला गबाळा म्हणाले होते. शाळेत तो पूर्णवेळ दम धरून बसायचा, घरी वरणाच्या वाटीवर फुटायचा. तोंडाने "भीती वाटते" कधीच म्हणाला नाही.

हे आधी सांगायला हवं होतं: फॉर्म मुलालाही भरू द्या. मानसोपचारतज्ज्ञांकडे चिंतेची ४१ वाक्यांची प्रश्नावली असते, पालकांची वेगळी आणि मुलाची वेगळी. २५ किंवा वर गुण आले तर चिंतेची नीट तपासणी करतात. तेवढ्यावर निदान करत नाहीत. माझ्या मते त्याचे १४, त्याच्या स्वतःच्या मते ३१. ती दोन पानं शेजारी ठेवली तेव्हा मी बराच वेळ बाहेरच्या बाकावर बसून होते.

डोस वाढला नाही. वाचनाच्या पायऱ्या ठरल्या. आधी मला एक ओळ, मग फोनवर रेकॉर्ड, मग मधल्या सुट्टीत एकट्या बाईंसमोर, मग बाकावरच्या मित्राबरोबर जोडीने. प्रत्येक पायरीवर भीती थोडी उतरेपर्यंत थांबायचं. वाचन माफ करून टाकू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. टाळलं की भीती फुगते. बाईंनी एक गोष्ट मनापासून केली. नाव अचानक न पुकारता, कोणता परिच्छेद वाचायचा ते त्या आदल्या दिवशी सांगतात.

परवाच्या गुरुवारी वर्गात चार ओळी वाचल्या. "ज्ञानेश्वरांनी"वर अडला, घरी येऊन दप्तर आपटलंच, पण पलंगाखाली गेला नाही. परिसर अभ्यासाला अजूनही पेन्सिल पडते, त्यासाठी गोळी चालूच आहे.

पुढच्या तपासणीचा कोरा फॉर्म आला आहे. समासात मी पेनाने एक रकाना आखून ठेवलाय: कोणत्या तासाला.