१२ व्होल्टच्या अडॅप्टरमध्ये ४० व्होल्टचा डायोड कसा काय मेला?

राउटरचा अडॅप्टर गेला. १२ व्होल्ट १ अँपचा, साधा काळा डबा. प्लग लावला की कान जवळ नेल्यावर टिक... टिक... टिक असा बारीक आवाज यायचा आणि मीटरवर आउटपुट शून्याच्या आसपास उड्या मारत होतं. नवा दोनशे-अडीचशेला मिळतो हे मला माहिती होतं, पण शनिवार होता आणि घरात कोणी नव्हतं, म्हणून उघडला.

आधी एक गोष्ट सांगतो, कारण मी तिथेच मार खाल्ला. प्लग काढून मिनिटभर झालं होतं आणि बोट चुकून मोठ्या कपॅसिटरच्या पायांना लागलं. २२ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचा. २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय केलं की त्याच्यावर साधारण ३२५ व्होल्ट डीसी साठतं आणि प्लग काढला म्हणून ते लगेच जात नाही. हात कोपरापर्यंत बधिर. आता मी १० हजार ओहमचा जाड रेझिस्टर त्याच्या पायांवर धरतो, मग मीटरने बघतो, मगच हात लावतो.

फॉल्ट शोधायला वेळ लागला नाही. आउटपुटच्या बाजूचा डायोड दोन्हीकडून बीप देत होता, म्हणजे शॉर्ट. त्याच्यावरचं प्रिंट उडालेलं होतं. माझ्या डब्यात 1N5822 पडलेले होते, ३ अँप, ४० व्होल्टचा स्कॉट्की डायोड. म्हटलं आउटपुट १२ व्होल्ट, डायोड ४० चा, तिपटीहून जास्त, अजून काय पाहिजे. लावला. नशीब की आधी सिरीजमध्ये ६० वॉटचा बल्ब लावून चालू केला होता. बल्ब एकदा चमकला, राउटरच्या पिनवर क्षणभर काहीतरी आलं, आणि परत टिक टिक. नवा डायोड पण शॉर्ट. दुसरा लावला, तोही गेला.

आमच्या गल्लीत एक काका आहेत, टीव्ही रिपेअरिंगमध्ये आयुष्य गेलंय त्यांचं. त्यांच्याकडे बोर्ड घेऊन गेलो. त्यांनी चष्मा वर केला, डायोडकडे बघितलं आणि म्हणाले, "पीआयव्ही किती धरलास?" पीआयव्ही म्हणजे डायोडला उलट्या दिशेने जास्तीत जास्त किती व्होल्ट सोसावे लागतात तो आकडा.

म्हटलं, "काका, १२ चं आउटपुट आहे, ४० चा टाकलाय."

"अरे, १२ तू आउटपुटला मोजतोयस. डायोडला काय दिसतंय ते कुठे मोजलंस? आणि हा ट्रान्सफॉर्मर नाहीच, दोन वायंडिंगचा चोक आहे हा. घरी एखादा मेलेला असेल तर सोडून बघ."

मेलेला होता. इंटरनेटवाल्यांनी आधी दिलेला त्याच मॉडेलचा अडॅप्टर पावसाळ्यात गेला होता, मी फेकला नव्हता (मी काहीच फेकत नाही, घरच्यांना विचारा). त्याचा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे काकांच्या भाषेत चोक, हॉट एअरने गरम करून कोअर सोडवला. फेराइटचे दोन ई आकाराचे तुकडे निघाले, एकाचा कोपरा तुटला पण चालतंय.

पहिली गोष्ट दिसली ती मधल्या पायाची. दोन्ही तुकडे समोरासमोर धरले की बाहेरचे पाय टेकतात, मधले टेकत नाहीत. उजेडासमोर धरलं तर बारीक फट दिसते, साधारण ०.३ मिलिमीटर. मला वाटलं तुटलाय की काय. तुटलेला नव्हता, ती फट मुद्दाम घासून ठेवलेली असते आणि सगळा खेळ त्या फटीत आहे, पण ते नंतर.

मग वायंडिंग उलगडत गेलो आणि वहीत काट मारत गेलो. वर पिवळ्या टेपचे तीन थर, मग केसासारखी बारीक तार ५६ वेढे, परत टेप, मग जाड तार १४ वेढे, परत टेप, मग आतला बारीक तारेचा अजून ५६. अजून एक १६ वेढ्यांचं छोटं वायंडिंग होतं, ते आयसीला पॉवर द्यायला. म्हणजे प्लगकडची प्रायमरी ११२, आउटपुटकडची सेकंडरी १४. रेशो आठ.

इथे माझं डोकं फिरलं. ३२५ चे १२ करायचे तर रेशो २७ च्या आसपास पाहिजे ना? आठने भागलं तर ४० व्होल्ट येतात. मग १२ कुठून येतात?

आणि तेच उत्तर होतं, फक्त मला उशिरा कळलं. ते चाळीस खरोखर येतात! फक्त उलट्या दिशेने, आणि डायोड त्यांना अडवून धरतो. दोन्ही वायंडिंग अशी जोडलेली असतात की प्रायमरीचा करंट चालू-बंद करणारा स्विच, मॉसफेट, चालू असताना, म्हणजे प्रायमरीवर ३२५ व्होल्ट बसलेले असताना, सेकंडरीचं डायोडकडचं टोक निगेटिव्ह होतं. डायोडच्या पलीकडे कपॅसिटरवर १२ बसलेत, अलीकडे उणे ४०.६. डायोडवर उलटे पडले जवळपास ५३ व्होल्ट. त्यात स्विचिंगचा टोकदार स्पाइक वेगळाच. ४० चा बिचारा काय टिकणार. गंमत म्हणजे हाच डायोड अमेरिकेतल्या १२० व्होल्टच्या प्लगला बहुतेक निभावून गेला असता, कारण तिथे १७० भागिले आठ अधिक बारा, म्हणजे ३३-३४ च होतात. तेवढ्यावरून मी स्वतःची समजूत घालून घेतली.

साध्या ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रायमरीत करंट चालू असताना त्याच वेळी सेकंडरीत पण चालू असतो. इथे तसं नाही. मॉसफेट चालू तेव्हा डायोड बंद, डायोड चालू तेव्हा मॉसफेट बंद, दोघे एकत्र कधीच नाहीत. विहिरीवरच्या पोहऱ्यासारखं आहे, पोहरा खाली भरतो तेव्हा हौदात थेंब पडत नाही आणि हौदात ओतला जातो तेव्हा विहिरीशी त्याचा संबंध संपलेला असतो. आमचा पोहरा सेकंदाला ६५ हजार वेळा खाली-वर होतो एवढंच.

काकांच्या मीटरवर चांगल्या बोर्डवरच्या प्रायमरीचं इंडक्टन्स १.२ मिलिहेन्री आलं, मग मी वहीत मांडून बघितलं. १२ वॉट बाहेर द्यायचे, थोडं वाया जाणार, म्हणजे आत साधारण १४.६ वॉट लागतात. भागिले ६५ हजार, म्हणजे प्रत्येक पोहऱ्यात २२५ मायक्रोज्यूल. ही एनर्जी साठते ½ × L × I² अशी, त्यावरून करंट निघतो जवळपास ०.६ अँप. ३२५ व्होल्टवर शून्यापासून तिथपर्यंत चढायला फक्त सव्वादोन मायक्रोसेकंद लागतात. तिथे पोचला की आयसी मॉसफेट बंद करतो. आता साठलेलं चुंबकीय क्षेत्र एकदम नाहीसं होऊ शकत नाही, प्रायमरीची वाट बंद आहे, मग ते सेकंडरीचं व्होल्टेज उलटवतं, डायोड उघडतो आणि सगळं तिकडे ओततं. वेढे आठपट कमी म्हणून करंट आठपट, सुरुवातीला जवळजवळ ५ अँप, आणि सुमारे सव्वासात मायक्रोसेकंदात तो शून्यावर येतो. मग उरलेला वेळ दोघेही गप्प, पुढच्या फेरीची वाट बघत.

आणि ती फट? फेराइटमध्ये स्वतःत फारशी एनर्जी मावत नाही, तो लगेच सॅच्युरेट होतो. साठवण मुख्यतः त्या ०.३ मिलिमीटर हवेत होते. कोणी रिपेअर करताना फट नसलेला कोअर बसवला तर इंडक्टन्स भरपूर वाढलेलं दिसेल आणि माणूस खूश होईल, पण थोड्याशाच करंटला कोअर भरून जाईल आणि मॉसफेट उडेल.

मग १२ कोण ठरवतं? रेशो नाही ठरवत. पोहरे ओतत राहिले आणि कोणी पाणी वापरलंच नाही तर आउटपुट चढतच जाईल, १५, २०, काहीतरी फुटेपर्यंत. म्हणून सेकंडरीकडे TL431 नावाचा छोटा आयसी बसून आउटपुटवर लक्ष ठेवतो, १२ च्या वर गेलं की PC817 या ऑप्टोकप्लरमधला छोटा एलईडी जास्त पेटवतो, पलीकडचा ट्रान्झिस्टर तो उजेड बघून आयसीला सांगतो की पोहरा लहान कर. निरोप उजेडाने जातो, तारेने नाही. बोर्ड उलटा करून बघा, या ऑप्टोच्या चार पायांच्या मधून बोर्डात आरपार खाच कापलेली असते, कारण इकडे ३२५ व्होल्ट आहेत आणि तिकडे तुमचा हात.

चोकच्या आत पण तेच. जाड तार ब्लेडने खरवडायला गेलो तर ब्लेड घसरत होतं, कारण तिच्यावर इन्सुलेशनचे तीन थर असतात, ती साधी वार्निशची तार नाही. इकडून तिकडे तांबं कुठेच जोडलेलं नाही, जातं ते फक्त चुंबकीय क्षेत्र. म्हणून रिवाइंड करून देतो म्हणणाऱ्याकडे मी हा चोक कधी देणार नाही. साध्या तारेनेही १२ व्होल्ट येतील, पण इन्सुलेशन गेलं तर कळेल तेव्हा उशीर झालेला असेल.

टिक टिकचा उलगडा पण झाला. डायोड शॉर्ट असला की सेकंडरी उलटसुलट दोन्ही वेळा कपॅसिटरला चिकटलेली, आयसीला पहिल्याच फेरीत करंट हाताबाहेर दिसतो आणि तो थांबतो. शिवाय त्याची स्वतःची पॉवर त्या १६ वेढ्यांतून येते, सेकंडरी दाबली गेली की तीही दाबली जाते. उपाशी पडतो, परत चार्ज होतो, परत प्रयत्न करतो. टिक.

पुढच्या शनिवारी बुधवार पेठेत जाऊन १०० व्होल्ट ३ अँपचा स्कॉट्की आणला, शेजारचा आउटपुट कपॅसिटर वर फुगलेला होता म्हणून तो पण लो ईएसआरवाला, १०५ डिग्रीचा बदलला. सिरीज बल्बवर लावला, बल्ब एकदा चमकून विझला, आउटपुट १२.१. राउटर लावून रात्रभर ठेवला, चालला.

दोन दिवसांनी आई म्हणाली, "अरे, त्या वायरच्या टोकाला हात लागला की झिणझिण होतंय, तू काहीतरी बिघडवलंस." पोटात गोळा आला. प्लग काढून इनपुट-आउटपुटमध्ये ओहम मोजले, ओपन. मग चालू करून जॅकच्या बाहेरच्या पत्र्यापासून सॉकेटच्या अर्थिंगच्या पिनपर्यंत एसी मोजलं, शंभरच्या वर! मग त्याच दोन टोकांमध्ये एक लाख ओहमचा रेझिस्टर लावला आणि परत मोजलं, तीन-चार व्होल्ट. म्हणजे तीस-चाळीस मायक्रोअँप, बास. हे येतं त्या निळ्या वाय कपॅसिटरमधून, एक नॅनोफॅरडचा, स्विचिंगचा कचरा परत पाठवायला दोन्ही बाजूंच्या मध्ये तो मुद्दाम लावलेला असतो. तो मी बदललेला नव्हता, आणि गेला असता तरी त्या जागी साधा डिस्क कपॅसिटर कधीच टाकला नसता, कारण तो शॉर्ट झाला तर १४ वेढ्यांवरच्या त्या तीन थरांना काही अर्थ उरत नाही.

आईला सांगितलं की हे आधीपासूनच होत असणार, तुला आत्ता जाणवलं. तिचा अजून विश्वास नाही.