किरणोत्सव हुकला, तरी कोल्हापूरचे दिवस वाया जाऊ देऊ नका

कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव पाहावा, ही आईची कित्येक वर्षांची इच्छा होती. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणे महाद्वारातून गाभाऱ्यात शिरतात आणि पहिल्या दिवशी देवीच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी मध्यभागापर्यंत व तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचतात, असे मानले जाते. आम्ही नोव्हेंबरमध्ये गेलो. पहिल्या संध्याकाळी किरणे उंबऱ्याच्या अलीकडेच फिकी पडली आणि आई फार हिरमुसली.

क्षितिजाजवळचा सूर्य हवेच्या जाड थरातून येत असल्याने डोक्यावर आकाश स्वच्छ असूनही पश्चिमेला धुरकट पट्टा असला, तर किरणांचा जोर ओसरतो. म्हणून पाचच्या सुमारास रंकाळ्यावरून पश्चिमेकडे पाहावे. तिकडे आकाश पांढुरके दिसत असेल, तर फारशी आशा धरू नये. फुले विकणाऱ्या बाई आईला म्हणाल्या, "आज्जी, देवी हितंच हाय. उद्या खिद्रापूरला जाऊन या, उजेड तिथंबी बघायला मिळतोय." त्यांचे ऐकले, हे फार बरे झाले.

शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी असलेले खिद्रापूरचे कोपेश्वराचे मंदिर कोल्हापूरपासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे. त्याच्या स्वर्गमंडपाला मधोमध छतच नाही. तिथे आकाशाकडे उघडे असलेले मोठे वर्तुळ आहे आणि बरोबर त्याखाली जमिनीवर गोल शिळा आहे. दुपारचा सूर्य उंच असल्यामुळे क्षितिजावरच्या धुरकटपणाचा इथे अडसर होत नाही. मात्र नोव्हेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने सव्वाबाराच्या सुमारासही उजेडाचे वर्तुळ शिळेच्या मधोमध न पडता उत्तरेकडे सरकलेले असते. ते मधोमध पाहायचे असेल, तर मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात यावे. आई एका खांबाशी बसून उजेडाची कड शिळेवरून हळूहळू सरकताना पाहत राहिली, आणि तिला तिथून उठवणे मला जड गेले. बाहेर भिंतींच्या तळाशी मंदिराचा भार पेलणाऱ्या हत्तींची रांग आहे. तीही सावकाश पाहावी. इथे शिवमंदिर असूनही समोर नंदी नाही.

तिथे दुपारी बारापूर्वी पोहोचायचे असेल, तर कोल्हापूरहून सकाळी साडेआठनंतर निघू नये. नृसिंहवाडीचे दर्शन परतीच्या वाटेवर घ्यावे. वाडीला आधी थांबलात, तर मंडपातला दुपारचा उजेड निसटतो. एसटीने कुरुंदवाडपर्यंत जाऊन पुढचे वाहन शोधण्यात वेळ जातो, म्हणून सोबत ज्येष्ठ माणूस असेल तर दिवसभराची गाडीच ठरवावी. खेरीज किरणोत्सवाची तिसरी संध्याकाळ मोकळी ठेवावी. आम्ही ती ठेवली होती. त्या दिवशी किरणे देवीच्या कमरेपर्यंत चढली आणि मग विरली, पण तेवढ्यानेही आईचे समाधान झाले.